आत्याचा नवरा मामा कसा?

काका, आत्या, मामा आणि मावशी हे चार शब्द मराठी मूल शाळेत जायच्या आधीच शिकतं आणि त्यांत सहसा गल्लत करत नाही. त्याच मुलाला विचारून पाहा, आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं? आता उत्तर घरागणिक बदलेल. कुणी आतोबा म्हणेल, कुणी काका. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत मात्र उत्तर येईल, मामा. आईचा भाऊ मामा, आणि वडिलांच्या बहिणीचा नवराही मामा. पहिला आईकडून रक्ताचा, दुसरा वडिलांच्या बाजूला लग्नानं आलेला. दोघांना एका शब्दात बसवावं असं त्यांच्यात काय सारखं आहे?

वरवर पाहता हा घराघरातल्या सवयीचा प्रश्न वाटतो. पण नात्याच्या शब्दांचा अर्थ नेमका कशाकशाचा बनलेला असतो, हे शोधण्याची एक पद्धत आहे आणि ती या प्रश्नाला चांगलं उत्तर देते. तिला अर्थघटक विश्लेषण म्हणतात. 1956 साली अमेरिकेतल्या ‘लँग्वेज’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. वॉर्ड गुडइनफ यांनी प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांवरचे नात्याचे शब्द घेतले होते, फ्लॉइड लाउन्सबरी यांनी पॉनी या अमेरिकी आदिवासी लोकांचे. दोघांची मूळ कल्पना भाषाशास्त्रातल्या ध्वनिविचारातून उचललेली होती, आणि ती समजायला आपल्याला शाळेतलं व्याकरण पुरेसं आहे. प, फ, ब, भ हे चार वर्ण घ्या. त्यांच्यात भेद फक्त दोन. एक, आवाजात घोष आहे की नाही. दोन, उच्चार अल्पप्राण की महाप्राण. दोन प्रश्नांची हो-नाही उत्तरं दिली की चारही वर्ण वेगळे होतात. शब्दांच्या अर्थाचीही अशीच फोड करता येईल का, असं या दोघांनी विचारलं. नात्याचे शब्द त्यासाठी सोयीचे, कारण ते मोजके असतात आणि कोणता शब्द कुणाला लागू होतो हे वंशावळीवर बोट ठेवून दाखवता येतं.

प्रश्न कोणते विचारायचे, याची यादी त्याआधीच तयार होती. आल्फ्रेड क्रोबर यांनी 1909 मध्ये म्हटलं होतं की जगातल्या भाषा नात्यांचे भेद करताना आठच तत्त्वं वापरतात. पिढी कोणती, नातेवाईक पुरुष की स्त्री, तो थेट वंशरेषेतला की बाजूच्या फांदीवरचा, एकाच पिढीत वयानं थोरला की धाकटा, ज्याच्यामार्फत नातं जुळलं ती व्यक्ती पुरुष की स्त्री, बोलणारा स्वतः पुरुष की स्त्री, नातं रक्ताचं की लग्नाचं, आणि जोडणारी व्यक्ती हयात आहे की नाही, घटस्फोट वगैरे झाला आहे का, अशी तिची स्थिती. एकही भाषा ही आठही तत्त्वं सगळीकडे वापरत नाही. काही निवडते, काही सोडून देते, आणि हे निवडणं-सोडणंही पिढीगणिक बदलतं.

आईवडिलांच्या पिढीपुरतं पाहू. हवाईच्या मूळ भाषेत दोनच प्रश्न विचारले जातात, पिढी आणि लिंग. त्यामुळे वडील, वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ या तिघांनाही एकच शब्द आहे, ‘माकुआ काने’, आणि आई, मावशी, आत्या यांना ‘माकुआ वाहिने’. इंग्रजी त्यात फांदीचा प्रश्न मिळवते. म्हणून आईवडील वेगळे झाले, पण काका नि मामा दोघेही ‘अंकल’च राहिले. स्वीडिश माणूस जोडणारी व्यक्ती शब्दातच सांगून टाकतो. वडिलांचा भाऊ ‘फारब्रूर’, आईचा भाऊ ‘मूरब्रूर’, आत्या ‘फास्तेर’ आणि मावशी ‘मूस्तेर’. हिंदी वडिलांच्या बाजूला वयाचाही भेद करते, थोरला तो ताऊ आणि धाकटा तो चाचा. मामाच्या बाबतीत मात्र तिला थोरला-धाकटा याचं काही पडलेलं नाही. मराठीत थोरले काका, धाकटे काका असं विशेषण लावून भागतं.

एक पिढी वर गेलं की मराठीचा आणखी एक स्वभाव दिसतो. हिंदीत दादा-दादी आणि नाना-नानी असे दोन संच आहेत. मराठीत दोन्हीकडचे आजोबाच आणि दोन्हीकडच्या आज्याच. ज्या भाषेनं काका आणि मामा यांची गल्लत कधी होऊ दिली नाही, तिला त्यांच्या वडिलांमध्ये फरक करावासा वाटत नाही. नातवंडांचंही तसंच, मुलाचा मुलगा आणि मुलीचा मुलगा दोघेही नातू. आईकडचं की वडिलांकडचं, हा प्रश्न मराठी आईवडिलांच्या पिढीत आणि तिथून निघालेल्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांत कटाक्षानं विचारते, आणि एक पिढी वर किंवा दोन पिढ्या खाली गेलं की सोडून देते. ‘आमच्या भाषेत नात्यांना किती शब्द आहेत’ असं अभिमानानं सांगताना आपण ही बाजू सहसा विसरतो.

भावंडांच्या मुलांकडे आलं की गोष्ट खरी रंगते. हिंदीत भावाचा मुलगा भतीजा आणि बहिणीचा मुलगा भांजा. बोलणारा भाऊ असो की बहीण, शब्द बदलत नाही. मराठीत पुरुषाच्या भावाचा मुलगा पुतण्या आणि बहिणीचा मुलगा भाचा. इथवर हिंदीसारखंच. पण बोलणारी स्त्री असली तर? तिच्या बहिणीचा मुलगा भाचा, आणि प्रमाण वापरात तिच्या भावाचा मुलगाही भाचाच. आत्या-भाची ही जोडी आपल्या ओळखीची आहे. म्हणजे पुतण्या हा शब्द लागू व्हायला दोन अटी आहेत: बोलणारा पुरुष हवा आणि जोडणारा दुवाही पुरुष हवा. (काकूही पुतण्या म्हणते, पण ते नवऱ्याच्या नात्यानं.) दोहोंपैकी एक जरी स्त्री असली की शब्द भाचा होतो. उलट टोकानं पाहिलं तर हिशोब आणखी सोपा आहे. जो मला काका म्हणतो तो माझा पुतण्या. मामा, आत्या किंवा मावशी म्हणणारा भाचा. हिंदी भाषकाला ‘भाचा’ या शब्दाचा अर्थ विचारला तर तो हमखास ‘बहन का बेटा’ सांगेल, आणि ते अर्धंच बरोबर असेल.

आता त्या चार शब्दांकडे परत येऊ, कारण या पद्धतीची खरी अडचण तिथेच दिसते. काका, आत्या, मामा, मावशी यांना वेगळं करायला दोन हो-नाही प्रश्न पुरतात. पहिला, वडिलांकडचं की आईकडचं. काका नि आत्या एका गटात, मामा नि मावशी दुसऱ्या. दुसरा, पुरुष की स्त्री. काका नि मामा एकीकडे, आत्या नि मावशी दुसरीकडे. झालं विश्लेषण. शाळेत विचारलं तर कुणीही हेच उत्तर देईल.

पण चार गोष्टींचे दोन-दोनचे गट तीन प्रकारे पाडता येतात आणि तिसरा प्रकार उरलाच आहे. काका नि मावशी एकत्र, मामा नि आत्या एकत्र. या जोड्यांना काही अर्थ आहे का? आहे. काका हा वडिलांचा भाऊ, म्हणजे पुरुषाचं पुरुष भावंड. मावशी ही आईची बहीण, म्हणजे स्त्रीचं स्त्री भावंड. दोन्हीकडे दुवा आणि नातेवाईक एकाच लिंगाचे. मामा आणि आत्या यांच्या बाबतीत दुवा एका लिंगाचा आणि नातेवाईक दुसऱ्या. पहिल्या जोडीला सम म्हणू, दुसरीला विषम. आता गंमत अशी की बाजू, लिंग आणि सम-विषम या तीन प्रश्नांपैकी कोणतेही दोन घेतले तरी चारही शब्द नेमके वेगळे होतात. ‘विषम आणि पुरुष’ म्हटलं की मामाच. ‘विषम आणि वडिलांकडचा’ म्हटलं की आत्याच. एकाच शब्दसंचाची तीन विश्लेषणं, तिन्ही बिनचूक, तिन्ही तितकीच आटोपशीर.

मग मराठी माणसाच्या डोक्यात यांपैकी कोणतं असतं? हाच आक्षेप रॉबिन्स बर्लिंग यांनी 1964 मध्ये घेतला. मोजक्या शब्दांचीसुद्धा इतकी पर्यायी विश्लेषणं निघू शकतात, की त्यांतलं एक निवडून ‘बोलणारे असाच विचार करतात’ असं म्हणणं धाडसाचं आहे. ते देवाघरचं सत्य आहे की निव्वळ हातचलाखी, असा त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच सवाल होता. माझ्या मते आक्षेप रास्त आहे, पण त्यातून पद्धत मोडीत निघत नाही. शब्दांचा संच लहान ठेवला म्हणून तीन विश्लेषणं उरली. संच वाढवला तर एखादं विश्लेषण गळून पडेल. म्हणून रक्ताच्या नात्यांवरून आपण लग्नाच्या नात्यांकडे जाऊ. आत्याच्या नवऱ्याची उलटतपासणी इथे कामाला येते.

बाजू हाच मुख्य प्रश्न असता, तर आत्याचा नवरा वडिलांकडच्या गटात, म्हणजे काकाजवळ जायला हवा होता, आणि मावशीचा नवरा आईकडच्या, म्हणजे मामाजवळ. जुन्या वळणाच्या अनेक घरांत नेमकं उलट होतं. आत्याचा नवरा मामा आणि मावशीचा नवरा काका. सम-विषमाचा प्रश्न लावला की हे कोडं सुटतं. आत्या विषम, म्हणून तिच्या नवऱ्याला विषम पुरुषाचा शब्द मिळाला, मामा. मावशी सम, म्हणून तिच्या नवऱ्याला सम पुरुषाचा, काका.

हा नियम मराठीनं एकटीनं घडवलेला नाही. सीमेपलीकडे कन्नडमध्ये तो उघडपणे सगळीकडे चालतो. ‘माव’ म्हणजे आईचा भाऊ, ‘माव’ म्हणजे आत्याचा नवरा, आणि ‘माव’ म्हणजे सासराही. ‘अत्ते’ म्हणजे आत्या, मामी आणि सासू. वडिलांचा थोरला भाऊ ‘दोड्डप्प’, शब्दशः थोरला बाप, आणि आईच्या थोरल्या बहिणीचा नवराही दोड्डप्प. धाकटा असेल तर चिक्कप्प. या रचनेच्या मुळाशी लग्नाची एक रीत आहे. दोन घराणी पिढ्यानपिढ्या एकमेकांना मुली देत राहिली, तर माझ्या आईच्या भावाची बायको माझ्या वडिलांची बहीणच असते. मामा आणि आत्याचा नवरा हा एकच माणूस होतो. त्याचं अपत्य मला जोडीदार म्हणून चालतं, म्हणून तोच सासराही. तीन नाती, एक माणूस, एक शब्द. प्रत्यक्षात प्रत्येक लग्न असं होत नसतं, पण शब्द त्या आदर्शाप्रमाणे बसलेले असतात.

मराठीत याच्या खुणा सासरच्या शब्दांतही आहेत. सून सासऱ्याला मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. खेड्यांत सासऱ्याला नुसतं ‘मामा’ म्हणणाऱ्या सुना आजही आहेत. ज्या समाजांत मुलगा मामाची मुलगी करतो, तिथे नवरीच्या बाजूनं पाहा: तिची सासू ही तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे खरोखरच आत्या. आणि सासरा हा आत्याचा नवरा, म्हणजे वर पाहिलेल्या नियमानं मामा. आत्याबाई आणि मामंजी हे शब्द अशा लग्नात आदरार्थी उपाधी नसून शब्दशः खरे ठरतात. गोष्ट अशी की ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न कधीच झालं नाही, तिथेही सुना हेच शब्द वापरत आल्या.

डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे कल्पिले. महाराष्ट्र त्यांनी मध्य पट्ट्यात घातला, जिथे उत्तरेची आणि दक्षिणेची रीत एकमेकींत मिसळते. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य. दक्षिणेत मामेबहीण, आतेबहीण दोन्ही चालतात. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याच्या मुलीबद्दल तितकी अनुकूलता नाही. कर्वे यांनी लग्नाच्या नियमांबद्दल दाखवलेली ही मिसळण शब्दांतही तशीच उतरली आहे, असं मला वाटतं. ते पडताळायला आणखी दोन नाती तपासू.

पहिलं, स्त्रीच्या बहिणीचा मुलगा. कन्नडच्या नियमानं तो सम, म्हणून तिचा स्वतःचा मुलगाच, ‘मग’. भावाचा मुलगा विषम, म्हणून ‘अळिय’; जावयालाही हाच शब्द. मराठी स्त्री दोघांनाही भाचा म्हणते, म्हणजे इथे सम-विषमाचा प्रश्न तिला सुचलेलाच नाही. दुसरं, वडिलांचा मामेभाऊ. दक्षिणेच्या हिशोबात वडिलांचा मामेभाऊ हा वडिलांच्या बहिणीचा संभाव्य नवरा, म्हणून तो माव व्हायला हवा. आपल्याकडे मात्र तो बिनदिक्कत काका असतो, कारण तो बाबांकडचा आणि पुरुष. इथे बाजूच जिंकते. मामीचंही तेच सांगता येईल. कन्नडात ती आणि आत्या एक, मराठीत त्या कधीच एक झाल्या नाहीत.

माझा निष्कर्ष असा. रक्ताची नाती मोजताना मराठी उत्तरेच्या पद्धतीनं बाजू विचारते, आणि लग्नानं आलेल्यांना बसवताना, निदान काही प्रदेशांत, दक्षिणेच्या पद्धतीनं सम-विषम विचारते. ‘मराठी माणसाच्या डोक्यातलं विश्लेषण कोणतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण दोन विश्लेषणं तिथे शेजारी-शेजारी नांदतात. बर्लिंग यांचा आक्षेप निव्वळ तर्काचा होता. मराठीत तो वस्तुस्थिती म्हणूनच सापडतो.

अशा विश्लेषणात हात पोळण्याची एक ठरलेली जागा आहे. हाक मारायचा शब्द आणि नातं सांगायचा शब्द वेगळे असू शकतात. चुलता हा नातं सांगायचा शब्द. त्याला कुणी ‘अहो चुलते’ अशी हाक मारत नाही. उलट रिक्षावाल्याला आपण काका म्हणतो आणि भाजीवालीला मावशी, म्हणून ते वंशावळीत येत नाहीत. मामंजी, आत्याबाई हेही मुळात हाकेचेच शब्द, नातं विचारलं तर सून सासरा-सासूच सांगेल. म्हणून वरच्या निष्कर्षात ‘निदान काही प्रदेशांत’ असं म्हटलं आहे, आणि तो पुरावा मी हाकेच्या शब्दांचा म्हणूनच धरतो.

आणि हाच पुरावा आता झपाट्यानं पुसला जातो आहे. शहरात आत्याचा नवरा काका, मावशीचा नवरा काका, बाबांचे मित्र काका, शेजारचे काका. एकदा सगळेच काका झाले की सम-विषमाची खूण शब्दांत उरत नाही. असं इतरत्रही घडलेलं आहे. लॅटिनमध्ये आपल्यासारखेच चार शब्द होते: काकाला ‘पात्रुउस’, मामाला ‘आवुंकुलुस’, आत्याला ‘आमिता’, मावशीला ‘मातेर्तेरा’. तिच्यातून निघालेल्या फ्रेंचमध्ये दोन उरले, ‘ओंकल’ आणि ‘तांत’, आणि हे दोन आले कुठून तर मामा आणि आत्या यांच्या शब्दांतून. काका आणि मावशी यांचे शब्द गेले. फ्रेंचमध्ये मामानं काकाला गिळलं. आपल्याकडे निदान शहरात काका इतरांना गिळतो आहे.

आपल्या घरातलं हे टिपून ठेवायला तज्ज्ञ लागत नाही. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेली रीत पुरते. ‘आत्याच्या नवऱ्याला काय म्हणता’ असं गोलमाल विचारायचं नाही, कारण मग समोरचा जे म्हणायला हवं ते सांगतो. आधी नावांनिशी वंशावळ लिहून घ्यायची, मग एकेका नावावर बोट ठेवून विचारायचं, ‘यांना तुम्ही काय म्हणत होतात, आणि ते तुम्हाला काय म्हणायचे?’ हाकेचा शब्द वेगळा, नात्याचा वेगळा लिहायचा. बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, गाव-तालुका कोणता, समाज कोणता, हे बाजूला नोंदवायचं. आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, सासू, सासरा, वडिलांचे मामेभाऊ आणि बाईमाणसाच्या भावाची मुलं, एवढी सहा नाती विचारली तरी आपलं घर कोणत्या पट्ट्यात बसतं ते कळेल. घरात सत्तरीपुढची आजी असेल, तर आधी तिच्यापासून सुरुवात करा.